उपमा जिथे तुटते तिथून : त्रैक्य शिकवण्याचा इतिहास

आजचा विषय जरा आडवळणाचा वाटेल. ख्रिस्ती धर्मात देव एक मानतात आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तीही मानतात. या सिद्धांताला मराठीत आपण त्रैक्य म्हणतो. तो खरा की खोटा, हा आज आपला प्रश्न नाही. आपला प्रश्न असा, की हा सिद्धांत समजावून सांगताना माणसांनी ज्या उपमा वापरल्या त्यांचं पुढे काय झालं. आणि आज चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांपुढे त्याच उपमा ठेवायच्या झाल्या, तर त्या कशा ठेवाव्यात. आम्ही आयुष्यभर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी ते दहावीची मुलं आमच्या वाट्याला आली. कॉलेजातली मुलं पटलं नाही तर गप्प बसतात, ही बसत नाहीत. त्यामुळे जुना इतिहास आम्हाला पुन्हा नव्यानं वाचावा लागला.

सुरुवात करू या इ.स. ३८० पासून, कॉन्स्टँटिनोपल शहरात. तेव्हा त्या शहरातली मोठी चर्चं एरियसच्या परंपरेतल्या लोकांच्या ताब्यात होती. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा नाही, कितीही थोर असला तरी तो निर्माण केलेलाच आहे, अशी त्यांची शिकवण. दुसऱ्या बाजूची माणसं थोडी होती. ती नाझियान्झसच्या ग्रेगरीभोवती एका घरातल्या लहानशा प्रार्थनास्थळात जमत. त्यांच्यावर दगडफेकही झालेली होती. वाद फक्त विद्वानांत नव्हता. त्याच काळातला दुसरा ग्रेगरी, न्यिसाचा, तक्रार करतो की या शहरात सराफाकडे भाव विचारा, नाहीतर भटारखान्यात पावाची किंमत विचारा, उत्तरादाखल पिता-पुत्रावरचं प्रवचनच ऐकावं लागतं.

अशा वातावरणात नाझियान्झसच्या ग्रेगरीनं पाच व्याख्यानं दिली. पाचवं पवित्र आत्म्यावर आहे. त्याच्या शेवटाकडे येऊन तो एक विलक्षण गोष्ट करतो. तो म्हणतो, या गोष्टीला जगात काही उपमा सापडते का, हे आपण मनाशी खूप शोधून पाहिलं. मग तो सापडलेल्या उपमा एकेक करून पुढे ठेवतो आणि प्रत्येकीचं आपल्याला कशाचं भय वाटतं तेही सांगतो. झऱ्याचं मुख, झरा आणि नदी? इथे भीती अशी, की देवत्व म्हणजे सतत वाहणारं काहीतरी आहे असं वाटेल, आणि शेवटी ते पाणी एकच, फरक फक्त आकाराचा, असंही ठरेल. सूर्य, किरण आणि प्रकाश? इथे दोन भीती. पहिली, जे एकसंध आहे ते तुकडे जोडून बनल्यासारखं वाटेल. दुसरी, खरं अस्तित्व सगळं सूर्याला, म्हणजे पित्याला मिळेल आणि बाकीचे दोघे त्याच्या नुसत्या शक्ती होऊन बसतील. तिसरी उपमा फार सुंदर आहे. पाण्यावर पडलेलं ऊन भिंतीवर थरथरतं ना, कवडसा नाचतो तसं, ती. पण तिथे किरणाला हलवणारं पाणी दिसतं आणि देवाला हलवणारं तर काहीच नाही. म्हणून तीही बाजूला. अखेर त्यानं सगळ्या उपमा सोडून दिल्या. थोड्याशा शब्दांवर थांबावं, असं त्यानं ठरवलं.

विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्यानं ही पानं आधी वाचावीत असं आमचं मत आहे, कारण ग्रेगरी उपमा लपवत नाही. तो ती मुलासमोर ठेवावी तशी ठेवतो, वापरतो आणि मोडून दाखवतो. आमच्याकडच्या पुस्तकांत बहुधा उलटं घडतं. तिथे उपमा असते, पण तिचा मोड नसतो. पाणी, बर्फ, वाफ एवढं लिहिलं की धडा संपला.

मोड सांगितला नाही तर बिघडतं काय? मुलं उपमा विसरत नाहीत, सिद्धांत विसरतात. सहावीत ऐकलेला बर्फ दहावीतही डोक्यात असतो. मग एक दिवस ते मूल गेथसेमाने बागेतला प्रसंग वाचतं. येशू रात्री पित्याची प्रार्थना करतो, हा प्याला टळू दे म्हणून विनवतो. आणि ते मूल विचारतं, आमच्या वर्गात विचारलंच एकानं, की सर, पाणीच बर्फ आणि पाणीच वाफ असेल, तर तो तेव्हा स्वतःशीच बोलत होता का? नाटक करत होता? प्रश्न बिनतोड आहे. त्या उपमेतून दुसरं काही निघतच नाही. आणि शिक्षकानं तेव्हा 'हे गूढ आहे' असं म्हणून विषय संपवला, तर मुलाला वाटतं की आपल्याला इतकी वर्षं काहीतरी थाप मारली गेली. गूढ शब्द खरा असेल, पण तो चुकीच्या जागी वापरला गेला. इथे बुचकळ्यात टाकणारा देव नाही, उपमा आहे.

म्हणून आम्ही फळ्यावर उपमेच्या आधी तीन प्रश्न लिहितो. एक, यात देव एकच राहतो का? दोन, तिघांपैकी प्रत्येक जण पूर्ण देव राहतो का, की एकतृतीयांश होतो किंवा कमी दर्जाचा होतो? तीन, तिघे एकाच वेळी तीन राहतात का, आणि एकमेकांशी त्यांचं काही नातं राहतं का? हे प्रश्न आमचे नव्हेत. तिसऱ्या-चौथ्या शतकांतल्या भांडणांतून उरलेला हा गाळ आहे. कोणतीही उपमा आणा, ती एका प्रश्नाला फार छान उत्तर देते आणि दुसऱ्याशी येऊन तुटते. कुठे तुटली ते कळलं, की इतिहासात तिथे कोण उभा होता तेही कळतं.

पाण्याचंच उदाहरण सविस्तर घेऊ. पहिल्या प्रश्नाला उत्तर झकास, तिन्ही अवस्थांत पदार्थ एकच. दुसऱ्यालाही वरवर ठीक, कारण बर्फ म्हणजे पूर्ण पाणीच, अर्धं नव्हे. तिसऱ्याशी गाडी अडते. तेच पाणी आधी बर्फ, मग द्रव, मग वाफ. तिन्ही एकदम नाहीत. इथे आम्ही मुलांना मत्तयच्या शुभवर्तमानातला यार्देन नदीकाठचा प्रसंग काढायला सांगतो. पुत्र पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, आकाशातून पित्याची वाणी येतेय, आणि हे सगळं एकाच वेळी. बर्फ वाफेला हाक मारत नाही. तर पाण्याची उपमा आपल्याला नेऊन पोचवते ती तिसऱ्या शतकाच्या आरंभीच्या रोममध्ये, सबेलियसकडे. देव एकच, तो कधी पिता म्हणून, कधी पुत्र म्हणून, कधी आत्मा म्हणून प्रकट होतो, अशा शिकवणीशी त्याचं नाव जोडलं जातं, आणि पोप कॅलिक्स्टस यांनी त्याला बहिष्कृत केलं. आपल्याकडच्या मुलांना हे समजवायला बहुरूपी पुरतो. सकाळी पोलीस, दुपारी साधू, संध्याकाळी राजा, माणूस एकच. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये 'व्यक्ती' म्हणून जो शब्द रूढ झाला, पर्सोना, त्याचा जुना अर्थ नाटकातला मुखवटा! त्यामुळे ग्रीक भाषेत विचार करणाऱ्यांना पश्चिमेकडच्या लोकांचा संशय बराच काळ यायचा.

एवढ्यावर बहुतेक वर्ग संपतात. आमचा संपला नाही. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, सर, ट्रिपल पॉइंट असतो ना. बरोबर आहे. शून्याच्या किंचित वर, ०.०१ अंश सेल्सिअस तापमान आणि सुमारे ६११ पास्कल दाब, म्हणजे आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या साधारण एकशेसहासष्टावा हिस्सा, एवढं जुळवलं की बंद भांड्यात बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहतात, बिनतक्रार. सबेलियस संपला, असं त्या मुलाचं म्हणणं.

आम्ही म्हटलं, चला बघू. त्या भांड्याचं चित्र फळ्यावर काढलं. तळाशी द्रव, त्यात बर्फ, वर वाफ. आता विचारा, बर्फात जे रेणू आहेत तेच या क्षणी वाफेत आहेत का? नाहीत. भांड्यातल्या पाण्याची तीन वाट्यांत वाटणी झालेली आहे. तिसरा प्रश्न निम्मा सुटला तेवढ्यात दुसरा मोडला, कारण आता प्रत्येक वाटा पूर्ण नाही. मुलगा हटेना. म्हणाला, पण रेणू सारखे इकडून तिकडे जात असतात! तेही खरं. बर्फातला रेणू निसटून वाफेत जातो, वाफेतला पाण्यात येतो. पण एकच रेणू घेऊन त्याच्या मागे लागलात, तर तो आत्ता बर्फात आणि मग वाफेत, म्हणजे सबेलियस परत आला. अख्ख्या पाण्याकडे पाहिलं तर वाटणी दिसते, एका रेणूकडे पाहिलं तर सोंग दिसतं. आणि दोन्हीकडे तिसऱ्या प्रश्नाचा उरलेला निम्मा भाग, नात्याचा, तसाच कोरडा राहतो. बर्फ वाफेवर प्रेम करत नाही.

त्या मुलाला वाईट वाटलं नाही. उलट पुढच्या रविवारी तो स्वतः इतरांच्या उपमा मोडत होता.

वाटणीच्या उपमा त्यामानानं सोप्या. सेंट पॅट्रिकनं आयर्लंडमध्ये तिपानी गवताचं पान हातात धरून त्रैक्य शिकवलं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पॅट्रिक पाचव्या शतकातला. त्याच्या स्वतःच्या लिखाणात हे पान कुठेच नाही, आणि ही कथा लेखी सापडते ती थेट १७२६ साली, कॅलेब थ्रेलकेल्ड यांच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात. आपल्याकडे त्याच जागी बेलाचं पान सुचतं. मोड एकच. एक दल म्हणजे पान नव्हे, पानाचा तिसरा हिस्सा. सिद्धांत म्हणतो, पुत्र म्हणजे देवाचा तिसरा हिस्सा नव्हे. १×१×१=१ हा गणिताच्या शिक्षकांचा आवडता तोडगाही असाच. एकानं एकाला कितीही वेळा गुणा, एकच येणार, मग तीनच का, सतरा का नाहीत? मुलं हे लगेच पकडतात.

सूर्याची उपमा मात्र इतकी स्वस्त नाही. ती जुनी आहे. कार्थेजचा टर्टुलियन इ.स. २१३ च्या सुमारास प्राक्सियस नावाच्या माणसाविरुद्ध लिहिताना ती वापरतो, सोबत मूळ-अंकुर-फळ आणि झरा-नदी-पाट याही देतो. प्राक्सियस हा सबेलियसच्याच वळणाचा. त्याच्या मते वधस्तंभावर एका अर्थी पितासुद्धा मेला. टर्टुलियनला दाखवायचं होतं की वेगळेपण असूनही तोडातोडी नाही, किरण सूर्यापासून निघतो, सूर्य कापला जात नाही. ते काम उपमेनं चोख केलं. पण उपमा आपल्या मालकालाही ओढून नेते. पुढे त्याच ग्रंथात टर्टुलियन म्हणून जातो की पिता म्हणजे सगळं तत्त्व आणि पुत्र म्हणजे त्यातून आलेला अंश. अंश! शंभर-सव्वाशे वर्षांनी हा शब्द कोणी उच्चारला असता, तर दोन्ही पक्षांनी त्याला धरलं असतं.

३२५ साली नायसियाच्या परिषदेनं प्रकाशातून प्रकाश हे रूपक श्रद्धेच्या मसुद्यातच घातलं. एरियसचं म्हणणं, पुत्र नव्हता अशी एक स्थिती होती. त्यावर प्रकाशाचं उत्तर असं, की प्रकाश न देणारा सूर्य कधी होता का? जेव्हापासून सूर्य तेव्हापासून प्रकाश. म्हणजे एकापासून दुसरा असणं आणि एकानंतर दुसरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही उपमेची सगळ्यात मोठी कमाई, आणि आम्ही मुलांकडून हे वाक्य वहीत लिहून घेतो.

पण आजची मुलं आणि चौथ्या शतकातली माणसं यांच्यामध्ये ओले रोमर उभा आहे. १६७६ साली त्यानं गुरूच्या उपग्रहाच्या ग्रहणांवरून दाखवलं की प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात, हे मुलांना शाळेतच शिकवलेलं असतं. मग हात वर होतो. सर, म्हणजे पुत्र आठ मिनिटांनी मागून आला? यावर सूर्याच्या पृष्ठभागाशी बोट ठेवून उत्तर देता येतं, की तिथे सूर्याचं तळपणं आणि प्रकाश निघणं यात अंतर नाही, अंतर आहे ते आपल्यापर्यंतच्या वाटेत. ते उत्तर चालतं. दुसऱ्या अडचणीला उत्तर नाही. प्रकाश देताना सूर्य दर सेकंदाला चाळीस लाख टनांच्या आसपास वस्तुमान गमावतो. पूर्वीच्या लोकांना उपमा भावली होती ती याचसाठी, की देऊनही देणाऱ्याचं काही कमी होत नाही. ती बाजू भौतिकशास्त्रानं काढून घेतली. ग्रेगरीची दुसरी भीती तर आहेच. किरण सूर्याचा असतो, किरण म्हणजे सूर्य नव्हे. पुत्राला पित्याचा किरण म्हणून थांबलात, तर तो कोणीतरी न राहता काहीतरी होतो.

आता आपल्या मातीतल्या दोन गोष्टी, कारण मराठी वर्गात त्या येतातच. पहिली सोन्याची. मध्ययुगात, तेराव्या शतकाच्या आरंभीच्या हस्तलिखितांत, एक ढालीची आकृती दिसू लागते. तीन कोपऱ्यांत पिता, पुत्र, आत्मा, मधोमध देव. कोपऱ्यापासून मध्यापर्यंतच्या पट्टीवर 'आहे', कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या पट्टीवर 'नाही'. पिता देव आहे, पुत्र देव आहे, पिता पुत्र नाही. ही उपमा नव्हे, नियमांचा तक्ता आहे. आणि भूमिती शिकलेलं कुठलंही मूल त्यावर तुटून पडतं. क आणि ख दोन्ही ग बरोबर असतील, तर क आणि ख एकमेकांबरोबर असायलाच हवेत! तेव्हा 'आहे' या शब्दावर थांबावं लागतं. बांगडी सोनं आहे, अंगठी सोनं आहे, म्हणून बांगडी अंगठी आहे का? नाही. म्हणजे प्रत्येक 'आहे' हे गणितातलं बरोबरचं चिन्ह नसतं. अलंकार आणि सोनं हा दृष्टांत आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून घरोघरी आहे, आणि तर्कातली ही गाठ सोडवायला आम्हाला त्याच्याइतकं सोपं काही सापडलं नाही. पण इथेही मोड सांगावा लागतो. बांगडीतलं सोनं वेगळं, अंगठीतलं वेगळं, ही वाटणी. बांगडी वितळवून त्याच सोन्याची अंगठी केली, तर ते सोंग. पाण्याच्या भांड्यात जे झालं तेच. गाठ सुटली म्हणजे चित्र मिळालं असं नाही. 'आहे'चे अर्थ दोन आहेत एवढंच कळलं, आणि तेवढ्यावर समाधान मानणारे तत्त्वज्ञ आजही एकमेकांशी भांडतात.

दुसरी गोष्ट नाजूक. कोणीतरी म्हणतंच, हे आपल्या दत्तासारखं झालं. तीन मुखं, देव एक. शेजारीपाजारी दत्तजयंती पाहणाऱ्या मुलाला हे सुचावं यात गैर काही नाही. युरोपातही चित्रकारांनी त्रैक्याची तीन तोंडांची चित्रं काढली होतीच, आणि १६२८ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना मनाई केली. हे मुलांना सांगितलं की त्यांचा संकोच जातो. मग तपासायचं. अनसूयेच्या कथेत ब्रह्मा, विष्णू, महेश आधी तीन आहेत आणि दत्त म्हणून एकत्र येतात. त्रैक्यात आधी वेगळे असलेले तिघे नंतर जुळले असं कधीच नाही. शिवाय त्रिमूर्ती म्हटलं की उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामं वाटून दिलेली असतात. इथे मुलं पटकन म्हणतात, पिता निर्माण करतो, पुत्र तारतो, आत्मा पवित्र करतो, तसंच ना? तसंच नाही. जगाच्या बाबतीत देवाचं प्रत्येक काम तिघांचं मिळून एकच काम असतं, हे ऑगस्टीननं आणि ग्रीक आचार्यांनीही लावून धरलं, कारण कामं वाटली की तीन देव झालेच. आम्ही इथे एक पथ्य पाळतो. दत्ताची उपमा त्रैक्याला पुरत नाही, असंच म्हणायचं. दत्त कमी पडतो असं कधी म्हणायचं नाही. दत्त संप्रदायाचा स्वतःचा अर्थ आहे, परब्रह्माचा, आणि त्रैक्य समजावून देणं हे त्याचं कामच नव्हे.

ऑगस्टीनचं नाव आलं. त्यानं त्रैक्यावरचा पंधरा भागांचा ग्रंथ इ.स. ४०० च्या सुमारास हाती घेतला आणि पुरा व्हायला वीसएक वर्षं लागली. मध्येच कोणी तरी अपुरी प्रत त्याच्या नकळत पळवली, तेव्हा तो रागावून लिहायचाच थांबला होता. बाहेरच्या जगात, सूर्यात, झऱ्यात उपमा शोधायच्या सोडून त्यानं मनात शोधली. स्मृती, समज आणि इच्छा. ही तीन आहेत, मन एक आहे. मला समजतं हे मला आठवतं, मला इच्छा आहे हे मला समजतं. प्रत्येकीत बाकीच्या दोघी पूर्ण मावतात. पाण्याच्या वाटणीतून आपण इथे पहिल्यांदा सुटतो, आणि एकाच वेळी तीन हेही साधतं. एकमेकींशी संबंधही आहे. वर्गात ही उपमा हळू सांगावी लागते. आम्ही एखाद्या मुलाला त्याच्या आवडत्या गाण्याची ओळ मनातल्या मनात म्हणायला सांगतो आणि विचारतो, आत्ता आठवतंय कोण, समजतंय कोणाला, म्हणायचंय कोणाला?

आणि मग ऑगस्टीन स्वतः, शेवटच्या पंधराव्या भागात, तिच्यावर हत्यार चालवतो. स्मृती, समज, इच्छा या माझ्या आहेत, त्या म्हणजे मी नव्हे. एका व्यक्तीजवळ तीन गोष्टी आहेत. तिथे मात्र तीन व्यक्ती आहेत, आणि एका कोणाजवळ त्या असलेल्या नाहीत. पुढे जाऊन तो विचारतो, पुत्र म्हणजे समज धरली, तर पित्याला स्वतःला समजत नाही का? त्याला पुत्राकडून उसनी घ्यावी लागते का? तसं म्हणता येणार नाही, कारण प्रत्येकालाच पूर्ण स्मृती, पूर्ण समज, पूर्ण प्रेम आहे. वीस वर्षं जपलेली उपमा त्यानं स्वतःच्या हातांनी मोडली आणि ग्रंथ प्रार्थनेनं संपवला. शिंपल्यानं समुद्र खड्ड्यात भरणाऱ्या मुलाची जी कथा त्याच्या नावावर सांगतात ती फार नंतरची. मुलांना ती आवडते, सांगावी. पण ती ऐकून असं वाटतं की ऑगस्टीन विचार करून थकला. ग्रंथ तसं सांगत नाही. नेमकं कुठे अडलं ते त्याला शेवटपर्यंत दाखवता येत होतं.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं यावर नियमच सांगून ठेवला, तो साधारण असा, की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही मोठं साम्य दाखवा, त्याहून मोठं वेगळेपण दाखवणं बाकी असतंच. आमच्या वर्गात याचा व्यवहार एवढाच. प्रत्येकानं एक उपमा घरून आणायची आणि तिचा मोडही स्वतः आणायचा. मोडाशिवाय उपमा घेतली जात नाही. एक बाई कोणाची आई, कोणाची मुलगी, कोणाची बायको, ही दर वर्षी येते, आणि आणणाऱ्यालाच कळतं की हा बहुरूपी आहे, कारण ती आई त्या मुलीशी बोलत नाही.

गेल्या वर्षी गाणं शिकणाऱ्या एका मुलीनं तानपुरा आणला, खराखुरा. तिची उपमा स्वयंभू गंधाराची. खर्जाची तार नीट लागली की कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो अंतःस्वर. त्यासाठी वेगळी तार नाही, तो षड्जातूनच येतो, षड्ज संपल्यावर येत नाही, सोबत असतो. आणि खोली दोघांनी वाटून घेतलेली नसते, दोन्ही स्वर खोलीभर असतात. एवढं आजवर कोणत्याच उपमेनं दिलं नव्हतं. आम्ही जरा हरखूनच गेलो.

मग तिनं वहीचं पान उलटलं. तार छेडल्याशिवाय दोन्ही नाहीत, म्हणजे छेडणारा आधी, हा ग्रेगरीचा पाण्यावरचा कवडसा. गंधार नेहमी षड्जाहून क्षीण, हा एरियस. आणि तो वेगळा ऐकू आला तरी त्याच एका नादाचा घटक आहे, स्वतः कोणी नाही. या तिसऱ्या मोडापुढे तिनं कंसात लिहिलं होतं, 'ग्रेगरी, सूर्य, भीती दुसरी'. तिसऱ्या व्यक्तीसाठी पंचम घ्यावा की निषाद यावर मागच्या बाकावरून वाद सुरू झाला आणि तास संपला.